प्रकल्प अहवालातील निधीचा भाग कसा लिहावा: वेंगुर्ल्याच्या काजू युनिटचे उदाहरण घेऊन कर्ज, एंजल गुंतवणूक, लोकवर्गणी आणि अनुदानाची तुलना

प्रकल्प अहवालात निधीचे प्रकरण बहुतेक वेळा सर्वांत शेवटी लिहिले जाते. त्यात चार स्रोतांचे चार परिच्छेद असतात, प्रत्येकाचे फायदे-तोटे असतात आणि शेवटी एक बेरीज असते, जी प्रकल्पाच्या खर्चाशी तंतोतंत जुळते. बँकेच्या शाखेत असा अहवाल वाचणारा अधिकारी ती बेरीज पाहत नाही. त्याला हवे असते ते वेगळेच: हा पैसा कोणत्या महिन्यात लागणार, कोणत्या महिन्यात हाती येणार, आणि ठरल्याप्रमाणे आला नाही तर हा माणूस काय करणार. माझ्या मते चारही स्रोतांची तुलना याच तीन प्रश्नांवर व्हायला हवी. व्याजदर किंवा ‘फुकट पैसा’ हा निकष त्यानंतरचा.

हे मोघमपणे सांगून भागत नाही, म्हणून एक काल्पनिक पण कोकणातल्या व्यवहाराशी जुळणारे उदाहरण घेऊ. वेंगुर्ले तालुक्यातील एक महिला स्वतःच्या जागेवर काजू प्रक्रिया युनिट सुरू करू इच्छिते. वर्षाला २० टन काजू बी फोडण्याची क्षमता तिला उभी करायची आहे. शेड आणि तांत्रिक बांधकामाला ४ लाख रुपये, बॉयलर, कटिंगची यंत्रे, ड्रायर, साल काढण्याची आणि पॅकिंगची यंत्रे मिळून १० लाख, म्हणजे स्थिर भांडवल १४ लाख. पुढच्या सर्व हिशेबात दर समजुतीसाठी धरले आहेत. आपल्या अहवालात त्या हंगामाचे बाजारातले खरे दर घालावेत.

## पहिली पायरी: स्रोत बाजूला ठेवून महिनावार गरज मांडणे

काजू बी बाजारात येते ती साधारण मार्च ते मे या तीन महिन्यांत. वर्षभर फोडायची बी याच काळात विकत घेऊन, वाळवून, साठवून ठेवावी लागते. नंतर व्यापाऱ्याकडून घेतली तर ती महाग पडते आणि दर्जाचीही खात्री नसते. त्यामुळे या धंद्यात यंत्रांपेक्षा बी खरेदीलाच जास्त पैसा लागतो, आणि निधीचे प्रकरण लिहिणारे नेमके तेच विसरतात.

बीचा दर किलोला १२० रुपये धरला तर २० टनांचे २४ लाख होतात. एक किलो काजूगरासाठी सुमारे चार किलो बी लागते असे धरू, म्हणजे ५ टन गर मिळेल. अख्खा, पाकळी, तुकडा अशा सर्व प्रतींचा सरासरी दर ७२० रुपये धरल्यास वर्षाची विक्री ३६ लाख. मजुरी, जळण आणि पॅकिंगसाठी किलो बीमागे २५ रुपयांप्रमाणे ५ लाख आणि वीज, वाहतूक वगैरे वरखर्च १ लाख. व्याज आणि घसारा धरण्यापूर्वी ६ लाख शिल्लक राहतात. वार्षिक आकड्यांत हे चित्र चांगले दिसते. आता तेच आकडे महिन्यांत पसरवून पाहू. गिऱ्हाईक महिनाभराच्या उधारीने पैसे देते आणि गणपती ते दिवाळी या काळात मागणी वाढते, असे गृहीत धरले आहे. आकडे लाख रुपयांत आहेत.

| महिना | बी खरेदी | इतर खर्च | वसुली | महिनाअखेर एकूण तूट किंवा शिल्लक |
|---|---|---|---|---|
| मार्च | ६ | ०.५ | ० | −६.५ |
| एप्रिल | १० | ०.५ | ० | −१७.० |
| मे | ८ | ०.५ | २ | −२३.५ |
| जून | ० | ०.५ | २ | −२२.० |
| जुलै | ० | ०.५ | २ | −२०.५ |
| ऑगस्ट | ० | ०.५ | ३ | −१८.० |
| सप्टेंबर | ० | ०.५ | ४ | −१४.५ |
| ऑक्टोबर | ० | ०.५ | ६ | −९.० |
| नोव्हेंबर | ० | ०.५ | ५ | −४.५ |
| डिसेंबर | ० | ०.५ | ४ | −१.० |
| जानेवारी | ० | ०.५ | ३ | +१.५ |
| फेब्रुवारी | ० | ०.५ | ३ | +४.० |

उरलेले २ लाख पुढच्या मार्चमध्ये वसूल होतात आणि ६ लाखांचा हिशेब पुरा होतो. पण मधल्या काळात, मेअखेर, २३.५ लाख रुपये अडकलेले आहेत. शिवाय जीएसटी नोंदणी असलेल्या खरेदीदाराने शेतकऱ्याकडून कच्ची काजू बी घेतली की त्यावरचा ५ टक्के कर रिव्हर्स चार्ज पद्धतीने त्यालाच रोखीने भरावा लागतो. तो पुढे विक्रीवरच्या करातून वळता होतो हे खरे, पण २४ लाखांवरचे १.२ लाख रुपये काही महिने गुंतून राहतात. हा तक्ता तयार झाल्याशिवाय निधीच्या स्रोताबद्दल एक वाक्यही लिहू नये, कारण गरज १४ लाखांची नसून जवळपास ३९ लाखांची आहे आणि तिचे दोन भाग स्वभावाने अगदी वेगळे आहेत. एक भाग सहा-सात वर्षे अडकणारा, दुसरा दरवर्षी दहा महिन्यांसाठी अडकून मोकळा होणारा.

## दुसरी पायरी: कर्ज, आणि त्याला चिकटलेले अनुदान

लहान उद्योगाच्या अहवालात ‘अनुदान’ म्हणून जे लिहिले जाते ते बहुधा कर्जाशी जोडलेले भांडवली अनुदान असते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, हे त्याचे परिचित उदाहरण. २००८ पासून खादी आणि ग्रामोद्योग आयोगामार्फत चालणाऱ्या या योजनेत उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाखांपर्यंत वाढवण्यात आली. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिलांसह विशेष गटाला ३५ टक्के अनुदान मिळते. स्वतःचा हिस्सा अनुक्रमे १० आणि ५ टक्के असतो. या योजनेतले पहिले कर्ज फक्त नव्या युनिटसाठी असते, आणि दुसऱ्या सरकारी योजनेचे अनुदान घेतलेल्या युनिटला ती मिळत नाही. योजनेची जाहीर मुदत २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची होती, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेले नियम पोर्टलवर तपासूनच अहवालात आकडा घालावा.

आपल्या उदाहरणात १४ लाखांवर ३५ टक्के म्हणजे ४.९० लाख अनुदान आणि ५ टक्के म्हणजे ७० हजार स्वतःचे. बहुतेक अहवालांत यापुढे लिहिलेले असते: स्वतःचे ०.७०, अनुदान ४.९०, कर्ज ८.४०, एकूण १४ लाख. बेरीज बरोबर असली तरी ही मांडणी चुकीची आहे. अनुदान उद्योजिकेच्या हाती रोख येत नाही. बँक आधी १३.३० लाखांचे कर्ज मंजूर करते, पहिला हप्ता दिल्यावर आणि उद्योजकता प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर अनुदानाची मागणी करते, आणि आलेली रक्कम तीन वर्षांसाठी मुदत ठेवीत ठेवते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्याच कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनंतर, युनिट चालू आहे याची पडताळणी होऊन, ती रक्कम कर्जखात्यात वळती होते.

म्हणून योग्य मांडणी अशी: ‘स्वतःचा हिस्सा ०.७० लाख, मुदत कर्ज १३.३० लाख, पैकी ४.९० लाख अपेक्षित अनुदानापोटी मुदत ठेवीत राहतील.’ अनुदान जमा होईपर्यंतच्या काही महिन्यांसाठी व्याज पूर्ण १३.३० लाखांवर धरावे. कर्ज ८.४० लाखच मागितले तर शेड अर्धवट असताना पैसे संपतात, आणि युनिट सुरू झाले नाही म्हणून अनुदानही अडते.

तारणाबाबत एक गोष्ट अहवालात स्पष्ट लिहावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना निर्देश आहेत. त्यापुढच्या रकमेसाठी सीजीटीएमएसई या पत हमी न्यासाचे संरक्षण घेता येते. त्याचे वार्षिक शुल्क मात्र बहुधा कर्जदाराच्याच माथी येते, म्हणून ते खर्चात धरावे.

## खेळते भांडवल: जिथे हिशेब अडतो

आता २३.५ लाखांच्या खड्ड्याकडे वळू. लहान उद्योगांना खेळत्या भांडवलाची मर्यादा ठरवताना बँका बहुधा नायक समितीच्या पद्धतीने जातात. अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के खेळते भांडवल धरायचे, त्यात उलाढालीच्या २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के उद्योजकाने. ३६ लाखांच्या उलाढालीवर बँकेचे ७.२० लाख आणि स्वतःचे १.८० लाख होतात, एकूण ९ लाख. या पद्धतीच्या मुळाशी धंद्याचे चक्र तीन महिन्यांत पूर्ण होते असे गृहीतक आहे. काजूचे चक्र दहा महिन्यांचे आहे. ९ आणि २३.५ यांतला फरक १४.५ लाखांचा आहे आणि तो अहवालात कुठेही न दाखवता युनिट सुरू केले तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खरेदी थांबते. मग यंत्रे जूनपासून रिकामी राहतात आणि हप्ते मात्र चालू राहतात. कोकणात बंद पडलेली शेड पाहून ‘माल खपला नाही’ असे सगळे म्हणतात. पुष्कळदा माल खरेदीच झालेला नसतो.

यावर पहिला उपाय म्हणजे बँकेला वरचा महिनावार तक्ता देऊन हंगामी रोखप्रवाहाच्या आधारे कॅश क्रेडिट म्हणजे सीसी मर्यादा मागणे. साठ्यावर २५ टक्के मार्जिन धरून बँक ७५ टक्के उचल देऊ शकते. त्यासाठी दरमहा साठापत्रक द्यावे लागते, आणि शेतकऱ्याचे पैसे चुकते न करता आणलेली बी त्या साठ्यातून वजा होते. ‘उधारीवर माल घेऊन त्यावर उचल घेऊ’ हा बेत म्हणून चालत नाही. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत काजू बीचा समावेश आहे, पण ती योजना शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालासाठी आहे. प्रक्रियादाराने विकत घेतलेल्या बीला तिचा उपयोग होत नाही.

मात्र बँक पूर्ण रक्कम देईल असे मानले तरी ती घ्यावी का, हा प्रश्न उरतोच. व्याजदर ११ टक्के धरू. तक्त्यातील तुटीची वर्षभराची सरासरी सुमारे ११.४ लाख येते, म्हणजे सीसीचे व्याज सव्वा लाख. ६ लाखांतून ते गेले की ४.७५ लाख उरतात. मुदत कर्जाचे ८.४० लाख सहा वर्षांत फेडायचे तर मुद्दल १.४० आणि पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ०.९०, एकूण २.३० लाख. ४.७५ भागिले २.३० म्हणजे २.०७. यालाच बँक डीएससीआर, म्हणजे कर्जफेडीच्या क्षमतेचे गुणोत्तर, म्हणते आणि दीडच्या वर असला की समाधानी असते. पण मालक स्वतःचा पगार लिहीत नाही. घरखर्चासाठी महिन्याला २० हजार, म्हणजे वर्षाला २.४० लाख उचलले की तेच गुणोत्तर १.०२ होते. आणि गराचा दर अवघा ५ टक्क्यांनी उतरला तर विक्रीतले १.८० लाख जातात. घरखर्चानंतर हप्त्यासाठी उरतात ५५ हजार. मेमध्ये वर्षभराची बी भरून ठेवणारा माणूस पुढच्या दहा महिन्यांच्या दराची जोखीम एकटा घेत असतो. उसन्या पैशाने ती जोखीम दुप्पट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

## तिसरी पायरी: एंजल गुंतवणूकदाराचे गणित त्याच्या बाजूने करून पाहणे

१४.५ लाखांची तूट दिसली की ‘गुंतवणूकदार शोधू’ असे सुचवले जाते. हा पर्याय नाकारतानाही हिशेब दाखवावा, म्हणजे वाचणाऱ्याला विचार केल्याचे कळते. समजा कोणी १५ लाख देऊन २५ टक्के हिस्सा घेतला. याचा अर्थ कंपनीचे मूल्य आज ६० लाख मानले गेले. अशा गुंतवणुकीत बहुतेक कंपन्या बुडतात हे गृहीत असल्यामुळे उरलेल्यांतून सात-आठ वर्षांत दहापट परतावा अपेक्षित असतो. म्हणजे त्याचा हिस्सा दीड कोटीचा आणि कंपनी ६ कोटींची व्हायला हवी. वर्षाला ६ लाख शिल्लक टाकणाऱ्या युनिटला कोणी त्याच्या दहापट किंमत दिली, तरी ती होते ६० लाख, म्हणजे आज मानली तेवढीच. विकत घेणारा नाही, शेअर बाजाराचा प्रश्न नाही, आणि लाभांश द्यायला शिल्लक नाही. हा नकार उद्योगाच्या दर्जाचा नसतो. पैशाच्या जातीचा असतो.

कायद्याच्या बाजूनेही विचार हवा. एकल मालकी किंवा भागीदारी संस्थेला समभाग देता येत नाहीत, त्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते. उत्पादक कंपनीतही अडचण आहे, कारण तिचे सभासद उत्पादकच असावे लागतात. कंपनी केली तर समभागांचे मूल्यांकन करून घ्यावे लागते, पैसे आल्यापासून ६० दिवसांत समभागवाटप करावे लागते, आणि वाटपाचे विवरण दाखल होईपर्यंत ते पैसे वापरता येत नाहीत. ज्याला १ मार्चला बी खरेदी करायची आहे त्याने ही मुदत कॅलेंडरवर मांडून पाहावी. आणखी एक गोष्ट अहवालांत क्वचितच दिसते. पीएमईजीपीत कंपनीच्या नावाने अर्ज बसत नाही, म्हणून एंजलसाठी कंपनी केली की ४.९० लाखांचे अनुदान सोडावे लागते. चार स्रोत एकमेकांना पूरक असतातच असे नाही. काही वेळा एक घेतला की दुसरा बंद होतो, आणि तुलनेत हे लिहिलेच पाहिजे.

एंजलचा पैसा कुठे बसतो हेही सांगतो. याच वेंगुर्ल्यात कोणी गर न तुटता बी फोडणारे नवे स्वयंचलित यंत्र विकसित करत असेल आणि ते गोवा, कर्नाटक, केरळपर्यंत विकण्याची शक्यता असेल, तर बँक त्या प्रयोगाला पैसे देणार नाही आणि एंजल देऊ शकेल. २०२४ च्या अर्थसंकल्पाने अशा समभागांच्या अधिमूल्यावरचा एंजल टॅक्स रद्द केल्यामुळे जुन्या अहवालांतली त्याबद्दलची कलमे आता गाळावीत.

## चौथी पायरी: निव्वळ अनुदान

त्याच यंत्र विकसित करणाऱ्याला स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेसारखे निव्वळ अनुदानही योग्य ठरते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत संकल्पना सिद्ध करण्यासाठी आणि नमुना यंत्रासाठी इन्क्युबेटर, म्हणजे नवउद्योगांना आधार देणारी संस्था, हिच्यामार्फत २० लाखांपर्यंत अनुदान टप्प्याटप्प्याने देण्याची तरतूद करण्यात आली. पण त्या पैशातून कारखान्याची सोय उभारता येत नाही, आणि हे योजनेत स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्या काजू युनिटला शेड, यंत्रे आणि बी हवी आहे. त्यासाठी या अनुदानाचा अर्ज करण्यात दोन महिने घालवणे म्हणजे हंगाम घालवणे होय.

अनुदानाबाबत मी एक नियम पाळतो: मंजुरीपत्र हाती नसेल तर मूळ हिशेबात त्याची रक्कम शून्य धरायची. अनुदान मिळाले तर काय बदलेल ते वेगळ्या ओळीत लिहावे. अनुदान मिळाले तरच जो प्रकल्प चालतो, तो कर्जासाठी सादर करू नये.

## पाचवी पायरी: लोकवर्गणी, पण कायदेशीर रूपात

लोकवर्गणी म्हणजे क्राउडफंडिंग हा शब्द भारतात जपून वापरावा. लोकांकडून थोडे थोडे पैसे घेऊन त्यांना ऑनलाइन मंचावर समभाग देण्याची मुभा आपल्याकडे नाही. सेबीने २०१६ मध्ये अशा अनधिकृत मंचांबद्दल गुंतवणूकदारांना सावध केले होते, आणि कंपनी कायद्यानुसार खासगी पद्धतीने समभाग देण्याची मर्यादा वर्षाला २०० व्यक्तींची आहे. ‘गावातल्या लोकांकडून ठेवी घेऊ आणि व्याज देऊ’ हा मार्ग तर २०१९ च्या अनियंत्रित ठेवींवरील बंदीच्या कायद्यात सापडू शकतो. नफ्यासाठी चालणाऱ्या उद्योगाला देणगी मागणेही मला प्रशस्त वाटत नाही.

उरतो तो आगाऊ नोंदणीचा मार्ग, आणि काजूला तो चांगला लागू पडतो. मुंबई-पुण्यातले कोकणी कुटुंब दिवाळीला गावचा काजू घेतेच. त्यांच्याकडून फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसे घेऊन ऑक्टोबरमध्ये माल द्यायचा. १४० कुटुंबांनी प्रत्येकी दोन किलो अख्खा काजू ९०० रुपयांनी नोंदवला तर २.५२ लाख जमतात, तेही बी खरेदीच्या नेमक्या महिन्यात. कुरिअर, चांगली पॅकिंग आणि मंचाचे शुल्क मिळून किलोला १०० ते १२० रुपये वजा धरावेत. उरलेला दरही सरासरी ७२० पेक्षा बरा पडतो.

येथे दोन चुका होतात. पहिली हिशेबाची: आगाऊ आलेले २.५ लाख निधीत धरले जातात आणि तोच माल ऑक्टोबरच्या विक्रीतही मोजला जातो. आगाऊ नोंदणी म्हणजे उद्याची विक्री आज उचलणे. म्हणून ऑक्टोबरच्या वसुलीतून ती रक्कम वजा केलीच पाहिजे, आणि ताळेबंदात माल पोचेपर्यंत ती देणे म्हणून दाखवली पाहिजे. दुसरी चूक शब्दांची: ग्राहकाला ‘परतावा’, ‘व्याज’, ‘लाभ’ असे काहीही लिहू नये. माल देता आला नाही तर पूर्ण रक्कम परत, एवढीच अट पावतीवर असावी. पुढे कंपनी केली तर आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली पाहिजे, नाहीतर ती ठेव मानली जाऊ शकते. अन्नपदार्थ असल्याने पैसे घेण्यापूर्वी एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना हाती असावा, हे वेगळे सांगायला नको.

## सहावी पायरी: पैशाला प्रकल्प जुळवणे

इतके झाल्यावर दिसते की २० टनांची खरेदी पहिल्या वर्षी सुरक्षितपणे उभी राहत नाही. तूट कुठल्यातरी स्रोताच्या नावावर लिहून टाकण्यापेक्षा प्रकल्पाचे पहिले वर्ष लहान करावे. यंत्रे २० टनांचीच ठेवावीत, पण स्वतःची खरेदी १० टनांची करावी आणि उरलेल्या क्षमतेत इतर बागायतदारांची बी मजुरीवर फोडून द्यावी. १० टनांचे १२ लाख, रिव्हर्स चार्जचे ६० हजार आणि तीन महिन्यांचा खर्च धरून मेमधील पहिली काही वसुली वजा केली, तर सर्वाधिक गरज सुमारे १२.५ लाखांची येते. ती अशी भरते: साठ्याच्या तारणावर सीसी ७.५० लाख, आगाऊ नोंदणी २.५० लाख, स्वतःचे २.५० लाख.

उत्पन्नाची बाजू लपवू नये. १८ लाखांच्या विक्रीतून बीचे १२, प्रक्रियेचे २.५ आणि पूर्ण वरखर्च १ लाख गेला की २.५ लाख उरतात. मजुरीच्या कामात किलोला ३० रुपये आकारून २५ खर्च आला तर १० टनांवर ५० हजारांची भर पडते. सीसीचे व्याज सुमारे ५० हजार गेले की २.५ लाख राहतात. मुद्दलासह हप्ता २.३० लाखांचा असल्याने पहिल्या वर्षी घरखर्चाला जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून बँकेकडे मुद्दलाच्या फेडीला १२ महिन्यांची सवलत मागावी आणि या काळात घर कशावर चालणार तेही लिहावे. घरात दुसरा पगार असेल तर तो अहवालात दाखवण्यात संकोच करू नये. शाखा व्यवस्थापकाला तीच माहिती सर्वांत आश्वासक वाटते.

निधीच्या प्रकरणाचा मुख्य परिच्छेद मग असा लिहिता येईल:

‘प्रकल्पाचे स्थिर भांडवल १४ लाख रुपये असून त्यापैकी ०.७० लाख स्वतःचे व १३.३० लाख मुदत कर्जातून अपेक्षित आहेत. पात्रतेनुसार ४.९० लाख अनुदान मिळाल्यास ते तीन वर्षे मुदत ठेवीत राहील. परतफेडीचा हिशेब अनुदानासह व अनुदानाविना असा दोन्ही प्रकारे सोबत जोडला आहे. बी खरेदी हंगामी असल्याने खेळत्या भांडवलाची कमाल गरज मेअखेर १२.५० लाख आहे. तिच्यासाठी ७.५० लाखांची हंगामी सीसी मर्यादा मागत असून उरलेली रक्कम स्वतःच्या बचतीतून व ग्राहकांच्या आगाऊ नोंदणीतून उभी राहील. आगाऊ नोंदणीची रक्कम ऑक्टोबरच्या अपेक्षित वसुलीतून वजा केली आहे. समभाग गुंतवणुकीचा विचार केला. अपेक्षित वाढीचा वेग व योजनेची पात्रता पाहता तो मार्ग स्वीकारलेला नाही.’

अनुदानाविना हिशेब जोडणे त्रासाचे वाटते, पण तो करावाच. १३.३० लाख सहा वर्षांत फेडायचे झाले तर मुद्दल वर्षाला सुमारे २.२० लाख आणि पहिल्या वर्षाचे व्याज १.४५ लाखांच्या आसपास जाते, म्हणजे ३.६५ लाखांचा बोजा. १० टनांच्या खरेदीवर तो पेलत नाही. हे आधी कळले तर मंजुरी येईपर्यंत जुनी, चालू स्थितीतील कटिंग यंत्रे घेऊन शेड लहान ठेवण्याचा निर्णय वेळेवर घेता येतो. नंतर कळले तर यंत्रांची मागणी नोंदवून झालेली असते.

या परिच्छेदाखाली, ठरल्याप्रमाणे पैसा आला नाही तर काय करायचे ते तारखांसह लिहावे. १५ फेब्रुवारीपर्यंत आगाऊ नोंदणी दीड लाखांच्या आत राहिली तर स्वतःची खरेदी ८ टनांवर आणायची. १ मार्चपर्यंत सीसी मर्यादा मंजूर झाली नाही तर त्या हंगामात केवळ मजुरीवर बी फोडायची, आणि आगाऊ घेतलेले पैसे खर्च न करता वेगळ्या खात्यात ठेवून, माल देता येणार नाही असे दिसताच १५ मार्चपूर्वी ग्राहकांना परत करायचे.